दोरे घेण्याआधी ग्राफ तपासा

क्रॉस स्टिचचा ग्राफ निवडताना नजर आधी जाते ती पहिल्या पानावरच्या रंगीत चित्राकडे. चित्र आवडलं की दोऱ्यांची यादी घेऊन आपण थेट दुकानात. पण ते चित्र म्हणजे कुणी भरून पूर्ण केलेल्या कापडाचा फोटो असेलच असं नाही. आजकाल पुष्कळदा ती संगणकाने काढलेली नक्कल असते. भरायचं असतं आतल्या पानांवरच्या घरांवरून, आणि ती घरं वाचता येतील का, रंग आवाक्यातले आहेत का, हात सलग चालेल का, यातलं काहीच त्या चित्रावरून कळत नाही. ते कळायला आतलं पान उघडावं लागतं, हातात पट्टी आणि पेन्सिल घ्यावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते दोरे घेण्याआधी करायचं काम आहे.

उदाहरणासाठी एक ग्राफ घेऊ. समजा, गणपतीच्या मूर्तीच्या फोटोवरून केलेला ग्राफ तुमच्याकडे आला आहे. आडवी १४० घरं, उभी १६८ घरं आणि रंग ६२. घर म्हणजे ग्राफवरचा एक चौकोन, कापडावरची एक फुली. दर दहा घरांनंतर जाड रेघ असते, तिच्यामुळे दहा बाय दहाचे म्हणजे शंभर घरांचे चौक पडतात. १४ काउंटच्या आयडा कापडावर एका इंचात १४ फुल्या बसतात, म्हणजे हे काम तयार झाल्यावर १० बाय १२ इंचांचं होईल. भिंतीवर लावायला छान माप आहे. एकूण फुल्या २३,५२०. हा आकडा एका बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

आधी कागद पाहू. ग्राफ मोबाइलवर आला असेल तर तो कसा आला हे महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या ग्राफची प्रत उतरते, बारीक खुणा फिसकटतात आणि मग कितीही मोठं केलं तरी त्या सुधारत नाहीत. पाठवणाऱ्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठव. ती उघडून एखादा चौक पडदाभर मोठा करा. खुणेच्या कडा तशाच रेखीव राहिल्या तर फाइल चांगली आहे. कडांना पायऱ्या पडल्या, भोवती राखाडी धुरळा दिसू लागला, तर तो ग्राफाचा नुसता फोटो आहे, आणि छापल्यावर तो याहून चांगला दिसणार नाही.

मग छापलेल्या घराचं माप. ए-फोर कागदाच्या कडा सोडल्या तर रुंदीला साधारण १९० मिलिमीटर जागा मिळते. त्यात ६० घरं बसवली तर एक घर तीन मिलिमीटरहून किंचित मोठं होतं, ७० बसवली तर २.७ मिलिमीटर. दिवसा खिडकीपाशी बसून भरणाऱ्या तरुण डोळ्यांना २.७ चालतं. चाळिशी लागली असेल तर तीनच्या खाली जाऊ नका. आपल्या गणपतीची १४० घरं दोन पानांत ७०-७० अशी बसतात आणि उभी १६८ घरं ९० आणि ७८ अशी, म्हणजे एकूण चार पानं होतात. कुणी हाच ग्राफ एका पानावर दाबून बसवला असेल तर घर जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटरचं उरेल. ते पान भिंगातून वाचता येईल, पण भिंग, सुई आणि कापड एकाच वेळी सांभाळून महिनोन्‌महिने काम होत नाही.

पानं कुठे तोडली आहेत तेही पाहा. तोड जाड रेघेवर असावी, म्हणजे आपली मोजदाद दहाच्या हिशेबात राहते. पुष्कळ ग्राफांत पुढच्या पानाच्या सुरुवातीला मागच्या पानाच्या दोन-तीन ओळी पुन्हा दिलेल्या असतात. जोड नीट लागावा म्हणून ही सोय आहे. पण त्या ओळी फिक्या किंवा राखाडी दाखवलेल्या नसतील तर भरणारी व्यक्ती त्या दुसऱ्यांदा भरते, आणि गणपतीची सोंड तीन ओळींनी लांबते. छापण्याआधीच त्या ओळींवर काट मारून ठेवा.

आता खुणा. एक पान काळ्या-पांढऱ्यात छापा किंवा झेरॉक्स काढा, मूळ ग्राफ रंगीत असला तरीही. काही ग्राफांत खुणा नसतातच, नुसते रंगाचे चौकोन असतात. पडद्यावर ते सुंदर दिसतात, झेरॉक्समध्ये मात्र सगळी पाटी राखाडी होते. रंगीत प्रतीवरही दोन शेजारच्या तपकिरी छटा संध्याकाळच्या दिव्याखाली एकच दिसतात. खूण हवीच. रंग तिच्या मागे फिका असला तर उत्तम, पण गडद रंगावर काळी खूण छापलेली असेल तर ती बुडते. तिथे खूण पांढरी हवी.

खुणांची यादी समोर ठेवून जुळी भावंडं शोधा. शून्य आणि रोमन ओ. पाच आणि रोमन एस. सहा आणि उलटं धरलेलं नऊ. अधिक आणि गुणिले. डावीकडे तिरकी रेघ आणि उजवीकडे तिरकी रेघ. अर्धा भरलेला चौकोन, जो चार दिशांना वळवून चार वेगळ्या रंगांना दिलेला असतो. भरलेला त्रिकोण आणि पोकळ त्रिकोण ही जोडी मोठ्या छपाईत स्वच्छ वेगळी दिसते, पण घर अडीच मिलिमीटरचं झालं की शाई पसरून पोकळाचं पोट भरतं. म्हणून ही तपासणी पडद्यावर करून उपयोग नाही. ज्या मापात छापणार त्याच मापात, ज्या दिव्याखाली भरणार त्याच दिव्याखाली करावी लागते.

जुळ्या खुणा दिसल्या म्हणून ग्राफ लगेच टाकून द्यायचा नाही. त्या कुठे आल्या आहेत ते पाहायचं. शून्य ही खूण उंदराच्या राखाडीला असेल आणि ओ ही मुकुटातल्या पिवळ्याला असेल, तर गोंधळ व्हायचं कारण नाही, कारण दोन्ही एका चौकात येतच नाहीत. त्रास होतो तो जुळ्या खुणा एकाच भागातल्या दोन छटांना दिलेल्या असताना. सोंडेवर ४३४ आणि ४३६ या दोन तपकिरींना अधिक आणि गुणिले दिले असतील तर चूक होणारच, आणि ती लवकर लक्षातही येणार नाही. वीस ओळींनंतर सोंडेची गोलाई सपाट का दिसते हे कळेनासं होतं. यावर उपाय साधा आहे. जुळ्यांपैकी एका खुणेवर छापील प्रतीत पिवळ्या हायलायटरने रंग भरा आणि यादीतही तसाच भरा. अशा दोन-चार जोड्या असतील तर हे काम अर्ध्या तासात उरकतं. पंधरा जोड्या असतील, तर दोष खुणा निवडणाऱ्यापेक्षा रंगांच्या संख्येत आहे. एका नजरेत न चुकता ओळखू येतील अशा खुणा तिसेक निघतात. बासष्ट रंगांना बासष्ट खुणा द्यायच्या म्हटल्यावर जुळी येणारच.

चांगला ग्राफ ओळखायची आणखी एक खूण सांगते. काळं-पांढरं पान हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. जाणत्या डिझायनरने गडद दोऱ्याला भरीव, काळी खूण आणि फिक्या दोऱ्याला ठिपका किंवा बारीक रेघ दिलेली असते, त्यामुळे किलकिल्या डोळ्यांना चित्र उमटलेलं दिसतं. कान कुठे, सोंड कुठे हे ग्राफवरच कळतं आणि भरताना वाट चुकत नाही. सॉफ्टवेअरने आपोआप वाटलेल्या खुणांत पांढऱ्याला भरीव चौकोन आणि काळ्याला ठिपका असा उफराटा कारभार असू शकतो. तो भरता येतो, पण प्रत्येक घर नव्याने वाचावं लागतं.

इथवर वाचायचा प्रश्न झाला. खरी परीक्षा पुढे आहे. ग्राफ सोपा की अवघड हे एकूण रंगांवरून ठरत नाही, एका चौकात किती रंग येतात यावरून ठरतं. चाळीस रंगांचा एखादा पोपट निवांत भरून होतो, कारण प्रत्येक रंग आपल्या जागी सलग पसरलेला असतो. पंचवीस रंगांचं एखादं निसर्गचित्र मात्र जीव काढतं.

ग्राफातले तीन चौक निवडा. एक मोकळा, पार्श्वभूमीतला. एक मधला. आणि एक सगळ्यात गिचमिड, म्हणजे बहुधा चेहऱ्याच्या किंवा सावलीच्या कडेचा. प्रत्येकात दोन गोष्टी मोजा. किती वेगळ्या खुणा आहेत, आणि किती घरं एकटी आहेत. एकटं घर म्हणजे ज्याच्या आठही शेजाऱ्यांत, तिरपे धरून, त्याच्या रंगाचं दुसरं घर नाही असं घर. इंग्रजी पुस्तकांत अशा विखुरलेल्या फुल्यांना कॉन्फेटी म्हणतात. लग्नात उधळलेल्या कागदी चुऱ्यासारखे रंग जिकडेतिकडे पडलेले असतात.

आपल्या गणपतीत समजा मोकळ्या चौकात तीन रंग निघाले आणि एकटं घर एकही नाही. सोंडेच्या कडेच्या चौकात मात्र १७ रंग आणि ३८ एकटी घरं. आता दोऱ्याचा हिशेब करून बघा. १४ काउंटवर एक फुली भरायला पुढचे दोन तिरके आणि मागचे दोन उभे टाके मिळून साधारण नऊ मिलिमीटर दोरा लागतो, म्हणजे शंभर फुल्यांना ९० सेंटिमीटर. त्याशिवाय प्रत्येक सुरुवातीला आणि शेवटाला मागच्या टाक्यांखाली दोरा दडवावा लागतो, दोन्हीकडचा मिळून सहा सेंटिमीटर धरा. मोकळ्या चौकात तीन रंगांचे १८ सेंटिमीटर वाढतात आणि सव्वा मीटरच्या आत काम होतं. सोंडेच्या चौकात १७ रंगांच्या १७ सुरुवाती होतात. शिवाय एकट्या घरांपैकी निदान वीस इतकी दूर असतात की मागून दोरा ओढून नेता येत नाही, तिथे नव्याने सुरुवात करावी लागते. ३७ गुणिले सहा म्हणजे २२२ सेंटिमीटर नुसते दडवण्यात जातात. एकूण तीन मीटरच्या वर. शंभर फुल्या तेवढ्याच, दोरा जवळजवळ तिप्पट. वेळेचंही तेच, कारण सुई ओवणं आणि दोरा कापणं यातच तास जातो.

दोरा मागून किती लांब ओढायचा यालाही मर्यादा आहे. तीन-चार घरांपर्यंत ठीक. त्यापुढे मागे सैल झोळ पडतो, पुढच्या टाक्यांत सुई त्यात अडकते, आणि कापड पांढरं असेल व तो भाग न भरता सोडायचा असेल तर गडद दोऱ्याची सावली पुढे दिसते. फ्रेम करून काचेत बसवल्यावर ही सावली आणखी उठते. शिवाय जिथे मागे पंधरा रंगांची टोकं दडवली जातात तिथे कापड जाड होतं, सुई सहज जात नाही आणि फुल्या वाकड्या बसू लागतात.

अशी घरं इतकी का विखुरतात ते कळलं तर ग्राफ पारखणं सोपं जातं. हाताने ग्राफ करणारा डिझायनर एकेक घर विचार करून रंगवतो. सॉफ्टवेअर फोटो घेतं, त्याचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला दोऱ्याच्या तक्त्यातला सगळ्यात जवळचा रंग देतं. डीएमसीच्या सहापदरी सुती दोऱ्याच्या पाचशे छटा आहेत, त्यामुळे फोटोतला जरासा उजेड बदलला की सॉफ्टवेअर छटा बदलतं. त्यातच डिदरिंग नावाची सोय चालू असेल तर दोन छटांमधला रंग भासवण्यासाठी ते दोन्ही छटांचे ठिपके मुद्दाम आलटूनपालटून पेरतं. छापील फोटोत हे ठिपके डोळ्याला मिसळून दिसतात. फुली जवळपास दोन मिलिमीटरची असते, तिथे हातभर अंतरावरून ते मिसळत नाहीत आणि सोंडेवर खरूज उठल्यासारखं दिसतं. म्हणजे मेहनत जास्त आणि फळ वाईट.

माझा स्वतःचा मापदंड असा. सगळ्यात अवघड चौकात दहापर्यंत रंग आणि पंधरापर्यंत एकटी घरं असतील तर ग्राफ खुशाल घ्यावा. पंधरा रंग आणि तीस एकट्या घरांच्या पुढे गेला, आणि असे चौक चित्रभर पसरलेले असतील, तर तो जसाच्या तसा भरू नये. एखाददुसरा चौक तसा असेल, समजा डोळ्यांच्या भोवती, तर सोसावं. तिथे बारकावा लागतोच.

गणपतीचा ग्राफ असा नापास झाला म्हणून टाकून द्यायचा का? आधी रंग उतरवून पाहू. बहुतेक ग्राफांच्या यादीत प्रत्येक रंगापुढे फुल्यांची संख्या असते. नसेल तर निदान तीस-चाळीसच्या आत कोणते रंग आहेत ते शोधून मोजता येतं. समजा ६२ पैकी २१ रंग असे निघाले की प्रत्येकाच्या फुल्या चाळिसाच्या आत, आणि सगळ्या मिळून ४३० भरतात. आठ मीटरच्या एका लडीतून, सहातले दोन पदर वापरून, १४ काउंटवर टोकं दडवण्याचा दोरा वजा जाता साधारण सतराशे फुल्या निघतात. म्हणजे एका लडीच्या पावपट कामासाठी तुम्ही २१ लड्या विकत घेणार. हे २१ रंग त्यांच्या जवळच्या मोठ्या रंगात मिसळून टाका. यादीत सरळ लिहा, ही खूण म्हणजे ती खूण. उरले ४१.

या पायरीला डोळे उघडे ठेवा. फुल्या कमी म्हणून रंग बिनकामाचा असं नेहमीच नसतं. बाहुलीतला पांढरा चमकता ठिपका चार फुल्यांचा असतो आणि डोळ्यात जीव त्यानेच येतो. कपाळावरच्या गंधाचा तांबडा दहा फुल्यांचा असेल. एकाच जागी एकवटलेला लहान रंग सहसा हेतूने आलेला असतो, चित्रभर चुऱ्यासारखा विखुरलेला लहान रंग सहसा गोंगाट असतो. तो कुठे आला आहे हे ग्राफवर पाहूनच काट मारा.

दुसरी पायरी छटांच्या शिडीची. डीएमसीत तपकिरीची एक मोठी शिडी आहे. ३३७१ हा जवळजवळ काळा, मग ९३८, ८९८, ८०१, ४३३, ४३४, ४३५, ४३६, ४३७ आणि फिका ७३८. फोटोवरून केलेल्या ग्राफात या दहाच्या दहा पायऱ्या येऊ शकतात. दुकानात लड्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. फुल्यांत, कापडाच्या छिद्रांसह, शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक फारसा उरत नाही, गडद टोकाला तर मुळीच नाही. म्हणून एकाआड एक पायरी ठेवा. ९३८, ८०१, ४३४, ४३६, ७३८. बाकीच्या पाच आपल्या शेजाऱ्यात गेल्या. उरले ३६ रंग. आणि इथे खरा फायदा होतो. सोंडेवर ४३५ आणि ४३६ चे जे ठिपके आलटूनपालटून पेरले होते ते आता एकाच रंगाचे झाले आणि तो भाग सलग झाला. तोच चौक पुन्हा मोजला तर १७ चे आठ-नऊ रंग उरतात आणि एकटी घरं दहा-बारावर येतात. रंग कमी करणं हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही, तो हाताच्या चालीचाही आहे.

चेहऱ्यावर मात्र शिडी पूर्ण ठेवावी लागते. माणसाच्या गालाची किंवा नाकाची गोलाई तीन पायऱ्यांत येत नाही, पाच-सहा लागतात. पायऱ्या सावलीतून, कपड्यांच्या चुण्यांतून, झाडांच्या गर्दीतून काढाव्यात.

तिसरी पायरी पार्श्वभूमीची. मूर्तीमागच्या भिंतीसाठी सॉफ्टवेअरने बदामी रंगाच्या आठ छटा वापरल्या असतील तर ती भिंत भरायचीच कशाला? बदामी रंगाचं कापड घ्या आणि भिंत मोकळी सोडा. समजा त्यात ९,००० घरं गेली, तर काम २३,५२० वरून १४,५२० फुल्यांवर आलं. त्या आठांपैकी दोन छटा मूर्तीत लागतात, सहा पूर्ण गेल्या. ३६ चे ३० झाले. आता तीस खुणा निवडायच्या आहेत, आणि जुळी टाळून तीस स्वच्छ खुणा मिळतात. खुणा, रंग आणि भरण्याची सोय हे तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण रंग आवरले की उरलेले दोन बरेचसे आपोआप सुटतात.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर आणि मूळ फोटो आहे त्यांनी हाताने बदल करण्याऐवजी रंगांची कमाल संख्या तीस ठेवून आणि डिदरिंग बंद करून ग्राफ नव्याने काढावा. त्याआधी फोटोतली पार्श्वभूमी पुसून एकरंगी केली तर सॉफ्टवेअर तीसचे तीस रंग मूर्तीवर खर्च करतं. तरीही शेवटचा हात आपलाच फिरवावा लागतो.

रंगांच्या यादीत आणखी दोन ठिकाणी फसगत होते. एका खुणेपुढे दोन नंबर दिलेले असतील तर तो मिश्र दोरा आहे, दोन रंगांचा एकेक पदर एकाच सुईत ओवायचा. त्यामुळे वीस लड्यांच्या यादीत पस्तीस खुणा निघू शकतात. लड्या कमी म्हणून ग्राफ सोपा समजू नका, खुणा मोजा. दुसरं, नंबर कोणत्या कंपनीचा आहे ते यादीत लिहिलेलं हवं. आपल्याकडे बहुतेक दुकानांत अँकरच्या लड्या मिळतात आणि परदेशी ग्राफ डीएमसीच्या नंबरांत असतात. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. अँकरचा ३१० तपकिरी आहे, आणि अँकरचा काळा ४०३. कंपनीचं नाव न लिहिलेली यादी घेऊन गेलात तर गणपतीचे डोळे तपकिरी होतील. एका कंपनीचे नंबर दुसरीत बदलून देणारे तक्ते मिळतात, पण त्यातली जोडी जवळपासची असते, तंतोतंत नसते. शिडीतल्या दोन छटांना दुसऱ्या कंपनीचा एकच नंबर आला तर बिचकू नका. एक पायरी आपोआप कमी झाली.

खुणांच्या यादीची ग्राफाशी उलटतपासणीही करा. ग्राफावरची प्रत्येक खूण यादीत आहे का, आणि यादीतली प्रत्येक खूण ग्राफावर कुठेतरी सापडते का. यादीत नसलेली एखादी खूण ग्राफात असणं हा फुकट फिरणाऱ्या ग्राफांतला नेहमीचा दोष आहे. भरता भरता तो लक्षात आला तर काम अडून बसतं.

कापडाबद्दल थोडक्यात. आयडाची घरं चौरस असतात. आपल्याकडची साधी मॅटी तशी असेलच असं नाही. पट्टी ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये उभी किती आणि आडवी किती घरं येतात ते मोजा. एका बाजूला ४८ आणि दुसऱ्या बाजूला ४४ आली तर शंभर घरांचा गोल एका अंगाने पावणे एकवीस आणि दुसऱ्या अंगाने पावणे तेवीस सेंटिमीटरचा होईल. फुला-वेलींच्या नक्षीत हे खपतं, गणपतीच्या चेहऱ्यात खपत नाही. तशी मॅटी असेल तर चेहऱ्याचा ग्राफ तिच्यावर घेऊच नका.

ग्राफात एका घराच्या कोपऱ्यात लहान खूण असेल किंवा एकाच घरात दोन खुणा असतील तर ते पाव किंवा पाऊण टाके आहेत. आयडावर त्यासाठी घराच्या मधोमध, जिथे छिद्र नाही तिथे, सुई घुसवावी लागते, आणि क्रॉस स्टिचची बोथट सुई तिथे सहज जात नाही. दहा-वीस असतील तर टोकदार सुईने करता येतात. शेकड्यांनी असतील तर तो ग्राफ दोन धाग्यांवर एक फुली घालायच्या सम विणीच्या कापडासाठी केलेला आहे, आयडावर त्याच्या नादी लागू नये. कडेने मारायच्या बॅकस्टिचच्या रेघा खुणांवरून जाऊन त्या झाकत असतील तर रेघांचं वेगळं पान दिलंय का ते पाहा. काळी रेघ आणि तपकिरी रेघ झेरॉक्समध्ये एकच दिसतात, म्हणून एक सलग आणि एक तुटक अशी दाखवलेली बरी.

शेवटची चाचणी सुईची. जे कापड वापरणार त्याच्या तुकड्यावर सगळ्यात अवघड चौक भरून पाहा, घरात पडलेल्या जवळच्या रंगांच्या दोऱ्यांनी. १४ काउंटला २४ नंबरची बोथट सुई आणि दोन पदर. घड्याळ लावा. मग मोकळ्या भागातला एक चौक भरा आणि तोही मोजा. दोन्हींची सरासरी काढून एकूण चौकांनी गुणा. १४,५२० फुल्या म्हणजे सुमारे १४५ चौक. एका चौकाला सरासरी तास लागत असेल आणि रोज तास मिळत असेल तर जवळपास पाच महिने. गौरी-गणपतीला भिंतीवर लावायचा असेल तर गुढीपाडव्याच्या आसपास सुई ओवलेली बरी.

भरलेला चौक मागूनही बघा. मागे दोऱ्यांचं जाळं झालं असेल, समोरून हातभर अंतरावर धरल्यावर सोंडेची कड ओळखू येत नसेल आणि ग्राफवरचं घर शोधायला प्रत्येक वेळी बोट ठेवावं लागत असेल, तर रंग आणखी पाच-सहाने उतरवा आणि तोच चौक पुन्हा भरून पाहा. तरीही जमत नसेल तर चित्र कितीही देखणं असो, तो ग्राफ घेऊ नका.